बटाट्याची बोटे : दोनदा का तळावीत?

आषाढी एकादशी जवळ आली की लक्ष्मीपुरीच्या बाजारात रताळ्यांबरोबर बटाट्यालाही मागणी वाढते. पावसाची झड लागलेली असते, घरातील वडीलधाऱ्यांना काहीतरी गरम, खमंग हवे असते, आणि रंकाळ्यावरच्या गाडीपर्यंत जाणे त्यांना जमण्यासारखे नसते. मग घरीच फिंगर चिप्सचा घाट घातला जातो. पुष्कळदा त्या दोनपैकी एका तऱ्हेने बिघडतात. वरून तांबूस आणि आतून कच्च्या राहतात, नाहीतर ताटात येईपर्यंत मऊ पडून तेल सोडू लागतात. पातळ कापून कडक तळल्या, तर कवळी लावणाऱ्या माणसाला त्या चावतच नाहीत. बाहेरून हलके कुरकुरीत कवच आणि आत उकडलेल्या बटाट्यासारखा भुसभुशीत गर, असे हवे असेल तर बोटे दोन वेळा तळावी लागतात.

आरंभ बटाट्याच्या निवडीपासून करावा. अंगठ्याने चोळताच ज्याची साल निघते तो नवा बटाटा पाणीदार असतो; तो रश्श्याला उत्तम, तळणीला नव्हे. घट्ट सालीचा, पिठूळ बटाटा घ्यावा. शीतगृहात फार थंडाव्यात राहिलेल्या बटाट्यातील काही पिष्टाची साखर होते आणि असा बटाटा तळताना शिजण्याआधीच करपतो. म्हणून एकच तुकडा आधी तळून पाहावा. तो मिनिटा-दोन मिनिटांत लालसर झाला, तर तो बटाटा भाजीकडे वळवावा. घरच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या बटाट्याचीही हीच गत होते.

चार माणसांसाठी मध्यम आकाराचे चार-पाच बटाटे, म्हणजे सुमारे सहाशे ग्रॅम, पुरेत. साले काढून करंगळीएवढी जाड, साधारण एक सेंटिमीटर चौरस बोटे कापावीत. सगळी सारख्याच जाडीची असावीत, नाहीतर बारीक तुकडे जळतील आणि जाड कच्चे राहतील. सुरी बटाट्यातून फिरते तेव्हा असंख्य पेशी चिरल्या जातात आणि त्यांतील पिष्ट बोटांच्या अंगावर माखले जाते. तेलात पडताच त्याची खळ होते, बोटे एकमेकांना चिकटतात आणि तो थर आधी तांबूस होतो. यासाठी बोटे प्रथम चोळून धुवावीत आणि मग भरपूर थंड पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावीत. पाणी गढूळ दिसेल तसे दोन-तीनदा बदलावे. भांड्याच्या तळाशी जो पांढरा साका बसतो, तेच हे पिष्ट. शेवटचे पाणी नितळ राहिले म्हणजे काम झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘पाण्यात भिजवला की बटाट्यातील साखर निघून जाते, मग मधुमेह्याला चालतो,’ असे अनेक घरांत मानले जाते. भिजवण्याने निघते ते केवळ कापलेल्या पृष्ठभागावरचे पिष्ट आणि थोडी साखर. न चिरलेल्या पेशींतील पिष्ट जागच्या जागीच असते. तेव्हा मधुमेह असलेल्या आजोबांच्या ताटात किती बोटे वाढायची, हे भिजवण्यावरून न ठरवता त्या जेवणातील भात किंवा भाकरी कमी करून ठरवावे. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमचे पथ्य असेल, तर अर्ध्या तासाच्या भिजवणीवर मुळीच विसंबू नये.

पाण्यातून काढलेली बोटे पंचावर पसरून अगदी कोरडी टिपावीत. ओले बोट तेलात पडले तर तेल उडते, आणि थरथरत्या हाताच्या माणसाजवळ तर हे टाळलेच पाहिजे. शेंगदाण्याचे तेल आपल्याकडे रुळलेले आहे आणि या कामाला चांगलेही आहे. कढई निम्म्याहून अधिक भरू नये.

पहिले तळणे हे खरे म्हणजे तेलातले शिजवणे आहे. तेल १४० ते १५० अंश सेल्सिअस असावे. तापमापक नसेल तर एक बोट सोडून पाहावे. ते खाली जाऊन त्याच्याभोवती बारीक, संथ बुडबुडे आले तर तेल योग्य आहे. दोन मुठींपेक्षा जास्त बोटे एका वेळी घालू नयेत, कारण तेल एकदम निवते. पाच-सहा मिनिटांत ती शिजतात. रंग जवळपास पांढराच राहतो, पण झाऱ्याने दाबले तर बोट सहज तुटते. ही खूण पटली की ती चाळणीत काढून सुटी पसरावीत. एकावर एक रचून झाकण ठेवले, तर वाफेने सगळे भिजेल.

आता निदान अर्धा तास ती तशीच निवू द्यावीत. पहिल्या तळण्यात वरचे पिष्ट फुगून त्याचा पातळ पापुद्रा झालेला असतो. निवताना वाफ निघून जाते आणि आतला ओलावा हळूहळू बाहेरच्या थराकडे येतो. दुसऱ्या वेळी तेल तापलेले असल्याने हा ओलावा झटक्यात उडतो, पापुद्रा कोरडा होऊन कडक बनतो आणि आतला गर मऊच राहतो. हीच दोन कामे एकाच तळण्यात उरकायला गेल्यास गर शिजेपर्यंत बाहेरची बाजू करपते.

दुसऱ्या तळण्याला तेल १७५ अंशांच्या आसपास असावे. बोट टाकताच ते वर येते आणि बुडबुडे जोराने उसळतात. दीड-दोन मिनिटांत उसळी मंदावते, म्हणजे वरचे पाणी संपत आले. रंग सोनेरी पिवळा दिसताच काढावे. तांबूस होण्याची वाट पाहू नये. पिष्टमय पदार्थ तापवून तपकिरी केले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे अनिष्ट द्रव्य वाढते, हे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी निदर्शनास आणले. कवळी असलेल्यांसाठी दीड मिनिटाचा फिकट रंगच बरा, कारण अधिक वेळाने कवच जाड आणि टणक होते. बोटे बाहेर काढताच झारा चांगला झटकावा. वाफ थांबून बोट निवू लागले की अंगावरचे तेल आत ओढले जाते, आणि बरेचसे तेल आत शिरते ते याच क्षणी.

मीठ शेवटी, अगदी थोडे. आधी घातले तर बोटांना पाणी सुटते. एकादशीला सैंधव वापरतात, पण रक्तदाबाच्या दृष्टीने तेही मीठच. उपवास नसेल तर कांदा-लसूण मसाल्याची चिमूट मजा आणते. मात्र त्यातही मीठ असते, म्हणून मग वरून वेगळे घालू नये.

सांभाळ करणाऱ्यांना या पद्धतीची मोठी सोय आहे. पहिले तळणे सकाळी उरकून, बोटे निवताच डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावीत आणि संध्याकाळी दोन मिनिटांत गरम वाढावीत. तळणीजवळ उभे राहण्याचा वेळ ऐन भुकेच्या घडीला वाचतो.

गिळताना ठसका लागणाऱ्या, किंवा डॉक्टरांनी मऊ आहार सांगितलेल्या व्यक्तीला मात्र हा पदार्थ देऊ नये. कोरडे कवच आणि भुगा होणारा गर एकदम घशाशी येणे धोक्याचे ठरते. इतरांनाही ताट पुढे करताना एक बोट मोडून वाफ जाऊ द्यावी. वरची कवळी टाळू झाकून टाकते, त्यामुळे आतल्या गराचा चटका त्यांना उशिरा कळतो.