घाटात फोन वाजला तर वाजू द्या

परतवाडा-धारणी रस्त्यावरच्या चालक भावांनो, जीपमालकांनो आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या प्रवाशांनो,

आपल्या रस्त्यावर फोन कुठे वाजतो, हे आपल्यालाच ठाऊक. घटांग सोडले की रेंज जाते, मध्येच येते, पुन्हा जाते. तेवढ्या वेळातले सारे निरोप तुंबून राहतात आणि एखाद्या उंचावरच्या वळणाला रेंज लागली की एकदम येऊन आदळतात. चालकाचा हात खिशाकडे जातो तो नेमका तिथे, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी असताना. ताशी 40 किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. कोणाचा फोन आहे हे वाचायला दोन सेकंद लागले, तर एसटीच्या दोन बस एकामागे एक उभ्या राहतील एवढा रस्ता न बघता गेला. वळणापलीकडे गुरे असतात, शाळेतून येणारी लेकरे असतात, कधी गवाही उभा असतो.

कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्यात घातले. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर दहा हजार दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 21 प्रमाणे लायसन्सवरही गदा येते. ज्याचे घर स्टिअरिंगवर चालते, त्याने दंडापेक्षा याची धास्ती धरावी.

1 ऑक्टोबर 2020 पासून याच नियमात एक सवलत आली: फोन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ही सवलत नकाशाची आहे. बोलण्याची, व्हिडिओची किंवा उत्तर टाइप करण्याची नाही.

आता कानातल्या यंत्राचे बोलू. “हात मोकळे आहेत न भाऊ, मग काय बिघडलं?” असे जीपवाले म्हणतात. कायद्यातली बंदी हातात धरलेल्या फोनवर आहे, हे खरे. पण घाटात गाडी नुसत्या हाताने चालत नाही. बोलणारा समोर बघत असतो आणि त्याचे मन धारणीच्या बाजारात असते, म्हणून समोर आलेले दिसूनही उमगत नाही. फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हॅन्ड्सफ्रीने तो फारसा कमी होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारी बसलेला माणूस वळण आले की गप्प होतो. फोनवरच्याला वळण दिसत नाही, तो बोलतच राहतो. म्हणून कायद्याने मुभा दिली असली तरी घाटात ती घेऊ नका, एवढे आमचे मागणे आहे.

नकाशा हवाच असेल, तर परतवाड्यातच ठिकाण टाका आणि त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नकाशा उतरवलेला नसेल तर पडदा कोराच राहतो आणि चालक त्याला बोटांनी चाळवत बसतो. होल्डर काचेच्या उजव्या कोपऱ्यात लावू नका. तिथे खांबामुळे आधीच आंधळी जागा असते आणि उजवे वळण त्यातूनच बघावे लागते. डॅशबोर्डच्या मध्यावर, खाली, पक्का बसवा. सक्शनचा होल्डर उन्हात सुटतो, खड्ड्यात फोन पायाशी पडतो आणि तो उचलायला वाकलेला चालक कशातच राहत नाही. रात्री पडदा काळा ठेवा, नाहीतर उजळ पडद्यावरून नजर उचलल्यावर अंधारातले जनावर दिसायला वेळ लागतो.

सगळा दोष चालकाच्या माथी मारू नका. “कुठपर्यंत आलास, किती सीटा भरल्या?” असे विचारणारा मालक आणि “मी फाट्यावर उभा आहे” सांगणारा प्रवासी, हे दोघेच त्याला फोन घ्यायला लावतात. मालकांनो, गाडी सुटली की पोचेपर्यंत चालकाला फोन करू नका. फोन क्लीनरकडे द्या. क्लीनर नसेल तर शेजारच्या प्रवाशाकडे.

मार्च 2025 मध्ये मुंबई-पुणे मार्गावरच्या ई-शिवनेरीचा चालक गाडी हाकता हाकता फोनवर क्रिकेट सामना बघत होता. त्याचे चित्रण परिवहन मंत्र्यांपर्यंत गेले आणि त्याची नोकरी गेली. सुरुवात झाली ती सीटवर बसलेल्यांनी गप्प न राहिल्याने. आपण मात्र खिडकीला टेकून डोळे मिटून घेतो.

प्रशासनाकडे आमची एकच मागणी आहे. घटांग ते धारणीदरम्यान रेंज जिथे लागते, त्या जागा चालकांना तोंडपाठ आहेत. त्यांच्याकडून त्या विचारून घ्या आणि तिथे दोन गाड्या बाजूला उभ्या राहतील एवढी सपाट, खडी टाकलेली जागा करा, आधी शंभर मीटरवर फलक लावा. गाडी थांबवून फोन घ्यायला जागाच नसेल, तर चालक तो चालत्या गाडीत घेणारच.

— सेमाडोहचे नेहमीचे प्रवासी