‘नॉर्मल’ अहवाल आणि न थांबणारी फिट

मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरच्या हिमायतनगर परिसरातील एखाद्या खेड्यातली बावीस वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. अकराव्या वर्षापासून तिला फिट येते. ती धाडकन पडत नाही. आधी पोटातून काही तरी वर चढत आल्यासारखे वाटते, मग नजर एका जागी थिजते, ओठ चघळल्यासारखे हलतात, डावा हात ओढणी चाचपत राहतो आणि उजवा हात ताठ, वाकडा होतो. दीड-दोन मिनिटांनी ती भानावर येते, पण पुढची काही मिनिटे तिला साध्या वस्तूचे नाव आठवत नाही. तीन औषधे बदलून झाली, गोळी चुकली नाही, तरी महिन्यातून चार-पाच वेळा हे घडतेच. नांदेडला जाऊन एमआरआय केला. अहवालात एकच शब्द आला, ‘नॉर्मल’. घरी त्याचे दोन अर्थ लावले गेले. कोणी म्हणाले, मुलगी ढोंग करते. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. पण त्यांना वाव मिळाला तो त्या एका शब्दामुळे.

हे उदाहरण कल्पित आहे, मात्र अशा मुली आणि मुले मराठवाड्यातल्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतात. फिट येणाऱ्या साधारण तीनपैकी दोघांचा आजार औषधांनी आटोक्यात येतो. उरलेल्या एकाचा येत नाही. योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे अपयशी ठरली, की आजार औषधांना दाद देत नाही असे वैद्यकशास्त्र मानते. अशा वेळी मेंदूत फिट नेमकी कुठून सुरू होते, हे शोधावे लागते. या शोधात एमआरआय आणि पेट स्कॅन या दोन तपासण्या दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

एमआरआयचे यंत्र प्रबळ चुंबकाच्या साह्याने शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संदेश मिळवते. पाणी कोणत्या ऊतीत किती आहे आणि कसे बांधलेले आहे, त्यावरून मेंदूची रचना चित्रात उतरते. एक मिलिमीटरपर्यंतचा बारकावा त्यात टिपता येतो. आपल्या भागात फिटमागे क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेली गाठ असू शकते. ती एमआरआयमध्ये दिसते आणि तिच्यावर उपचारही आहेत. म्हणून पहिली तपासणी एमआरआयचीच. पण चित्रात दिसते ती वास्तू. वास्तूच्या भिंती शाबूत असतील, तर आत चूल पेटते की नाही हे त्या चित्रावरून कळत नाही.

चुलीची खबर पेट स्कॅन देतो. मेंदूचे मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज. त्याच्या रेणूतला एक भाग काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवला, की एफडीजी नावाचे द्रव्य तयार होते. पेशी ते साखर समजूनच आत घेतात आणि जाळण्याची पहिली रासायनिक पायरीही पार करतात. पण रेणू बदललेला असल्याने पुढची पायरी होत नाही आणि तो पेशीत अडकून पडतो. ज्या पेशी अधिक काम करतात, त्यांच्यात तो अधिक साचतो. फ्लोरिनमधून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन जवळच्याच इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही नष्ट होतात आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील संवेदक हे दोन्ही किरण एकाच क्षणी पकडतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेवरून उगमाची जागा काढतात. १९७६मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे द्रव्य पहिल्यांदा माणसाला टोचण्यात आले. तेव्हा पाहायचे होते ते मेंदूचेच कार्य. कॅन्सरसाठी त्याचा सरसकट वापर नंतरचा.

त्या मुलीचा पेट स्कॅन नीट झाला, तर तो दिवस असा जाईल. चार ते सहा तास तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नसेल. रक्तातली साखर आधी तपासली जाईल, कारण ती वाढलेली असेल तर खरी साखर आणि एफडीजी यांच्यात चढाओढ होऊन चित्र फिके येते. मग शांत, मंद प्रकाशाच्या खोलीत तिला इंजेक्शन मिळेल आणि अर्धा-पाऊण तास न बोलता, न वाचता पडून राहावे लागेल. या वेळेत डोक्यावर ईईजीच्या तारा असणे फार महत्त्वाचे. दोन फिटांच्या मधल्या काळात आजारी भाग सुस्त असतो, साखर कमी घेतो आणि चित्रात काळवंडलेला दिसतो. पण द्रव्य पेशींत शिरत असतानाच फिट आली, तर तोच भाग भडकतो, भरपूर साखर ओढतो आणि उजळ दिसतो. मग त्याच्या तुलनेत पलीकडची निरोगी बाजू सुस्त वाटते. ईईजीची नोंद नसेल, तर डॉक्टर चुकीच्या बाजूवर बोट ठेवण्याचा धोका असतो.

समजा सगळे नीट झाले आणि डाव्या कानशिलाखालच्या भागात, म्हणजे डाव्या टेम्पोरल खंडात, साखरेचा वापर उजव्यापेक्षा स्पष्टपणे कमी दिसला. हे तिच्या लक्षणांशी जुळते. फिटमध्ये उजवा हात ताठ होणे आणि नंतर शब्द न सापडणे, या दोन्ही खुणा डाव्या बाजूकडेच बोट दाखवतात. म्हणजे ‘नॉर्मल’ चित्राआड आजार होता. ना ढोंग, ना बाधा.

मात्र पेटची मर्यादा इथेच समजून घ्यावी. सुस्त दिसणारा भाग फिटच्या खऱ्या उगमापेक्षा बहुधा मोठा असतो. आसपासच्या पेशीही मंदावलेल्या असतात. शिवाय पेटच्या चित्रात चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट नीट दिसत नाही. त्यामुळे पेट बाजू आणि खंड सांगतो, सीमा आखून देत नाही. म्हणूनच ते चित्र एमआरआयवर ठेवून वाचतात. असे वाचताना कधी कधी आधी नजरेतून सुटलेला बारीक दोष एमआरआयमध्येच सापडतो, कारण आता कुठे पाहायचे ते ठाऊक असते.

सीमा अधिक नेमकी शोधायची, तर साखरेऐवजी पेशींवरचे रिसेप्टर मोजता येतात. मेंदूला आवर घालणारा ‘गाबा’ हा रासायनिक संदेश स्वीकारणारी विशिष्ट स्थाने पेशींवर असतात. फ्लुमाझेनिल नावाचा रेणू त्यांना चिकटतो. त्यात कार्बन-११ बसवून टोचला, की ही स्थाने कुठे घटली ते दिसते, आणि घटलेला भाग साखरेच्या चित्रातल्यापेक्षा बहुधा आटोपशीर असतो. यातही एक खोच आहे. फिटसाठी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे क्लोबाझाम याच स्थानांवर बसते. रुग्ण ते घेत असेल, तर स्थाने आधीच व्यापलेली असतात आणि चित्र फसवते. ही तपासणी जगातही मोजक्याच केंद्रांत होते आणि त्याचे कारण घड्याळ आहे.

किरणोत्सारी द्रव्य बनल्या क्षणापासून विरत जाते. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, कार्बन-११ दर २० मिनिटांनी. ही मूलद्रव्ये सायक्लोट्रॉन यंत्रात तयार होतात. भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र २००२मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संस्थेत, सुरू झाले. तिथून फ्लोरिन-१८ रस्त्याने नांदेडकडे निघाले आणि अकरा तास लागले, तर सहा वेळा निम्मे होऊन चौसष्टावा भाग उरेल. हैदराबादहून साडेपाच तास धरले, तर आठवा भाग उरेल. तेवढ्यासाठी आठपट द्रव्य घेऊन निघावे लागेल. कार्बन-११ तर वाटेतच संपते. म्हणून ज्या इमारतीत सायक्लोट्रॉन, तिथेच ते वापरता येते. हिमायतनगरच्या रुग्णासाठी याचा अर्थ एवढाच, की द्रव्य त्याच्याकडे येण्यापेक्षा बहुधा त्यालाच द्रव्याकडे जावे लागते.

असा प्रवास करायला लावण्याआधी तो खरोखर गरजेचा आहे का, हे पाहणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘नॉर्मल’ एमआरआयपैकी बरेच अपस्मारासाठी हवे तसे काढलेलेच नसतात. नेहमीच्या एमआरआयमध्ये पाच मिलिमीटर जाडीचे छेद घेतात. टेम्पोरल खंडातला हिप्पोकॅम्पस हा करंगळीएवढा भाग आक्रसला असेल, तर त्याच्या लांबीला काटकोनात घेतलेले पातळ छेद लागतात आणि सबंध मेंदूचे एक मिलिमीटर जाडीचे चित्रणही लागते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतो तो वीसेक मिनिटांचा जादा वेळ आणि मागणीपत्रावर ‘फिट’ एवढाच शब्द न लिहिता फिटचे वर्णन व संशयित बाजू लिहिणारा डॉक्टर. नांदेड-लातूरमध्ये पेट यंत्राची मागणी जरूर व्हावी, पण हे काम उद्यापासून सुरू होऊ शकते. नीट काढलेला एमआरआय अनेकांचा पुढचा प्रवास वाचवेल, आणि ज्यांचा वाचणार नाही त्यांच्या हाती निदान नेमका प्रश्न देईल.

पेटनंतरही निर्णय एका चित्रावर होत नाही. फिट कॅमेऱ्यात आणि ईईजीवर एकाच वेळी नोंदवणारी व्हिडिओ ईईजी, स्मरणशक्ती आणि भाषेची चाचणी, एमआरआय आणि पेट या सर्वांनी एकाच जागेवर बोट ठेवले, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. मेळ बसला नाही, तर मेंदूवर किंवा मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून खात्री करावी लागते, किंवा शस्त्रक्रिया टाळावी लागते. शस्त्रक्रियेचे फळ किती? कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, टेम्पोरल खंडाच्या शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण वर्षभरानंतर भान हरपवणाऱ्या फिटांपासून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत शब्दांची स्मरणशक्ती उणावण्याचा धोका असतो, तोही कुटुंबाला आधीच सांगायला हवा.

राहिली किरणोत्साराची भीती. मेंदूच्या एका एफडीजी तपासणीत जेवढी मात्रा मिळते, तेवढी निसर्गातून साधारण दीड-दोन वर्षांत मिळतेच. गर्भवती स्त्रीने मात्र ही तपासणी टाळावी आणि तरुणीला तसे आधी विचारावे.

तपासणीच्या कागदावर ‘नॉर्मल’ हा शब्द येतो, तेव्हा त्याचा पूर्ण अर्थ असा असतो : या पद्धतीने पाहता रचनेत दोष दिसला नाही. डॉक्टरांनी हे वाक्य रुग्णाच्या आई-वडिलांना पूर्ण बोलून दाखवावे. ते अर्धवट राहिले, की उरलेले वाक्य गाव पूर्ण करते आणि त्याची किंमत ती मुलगी मोजते.