दोन मूळ संख्यांचे कुलूप

हिंगणघाटच्या एका भगिनींनी आम्हाला विचारले आहे, "पुण्याला शिकणाऱ्या मुलाला मोबाइलवरून पैसे पाठवते. मी टाकलेला पिन वाटेत कुणी वाचला तर?"

पिन मोबाइलमधून निघतो तोच कुलूपबंद होऊन. अशा कुलपांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९७७ मध्ये अमेरिकेत तयार झालेले आरएसए. ते मूळ संख्यांवर चालते. २, ३, ५, ७, ११ अशा ज्या संख्यांना १ आणि स्वतःखेरीज दुसऱ्या कशानेही भाग जात नाही, त्या मूळ संख्या.

छोटे कुलूप करून पाहू. बँकेने २ आणि ११ निवडले. त्यांचा गुणाकार २२ आणि सोबत ३ हा आकडा ती उघड सांगते. २ आणि ११ दडवते. आपल्याला ४ पाठवायचा आहे. ४ चा घन ६४, त्याला २२ ने भागले की बाकी २०. वाटेने हा २० जातो. बँकेकडे गुप्त आकडा आहे ७. २० चा सातवा घात होतो १२८ कोटी. त्याला २२ ने भागा, बाकी ४!

हा ७ कुठून आला? २ आणि ११ मधून एकेक वजा केला, म्हणजे १ आणि १०, गुणाकार १०. आता ३ ला अशा आकड्याने गुणायचे की १० ने भागल्यावर बाकी १ उरावी. ३ गुणिले ७ म्हणजे २१, म्हणून ७. थोडक्यात, ज्याला २२ चे अवयव सापडले त्याला ७ सापडला.

२२ चे अवयव सातवीचे पोरही सांगेल. म्हणून खऱ्या कुलपात हा गुणाकार साधारण ६१७ अंकी असतो. तो करायला मोबाइलला क्षणही लागत नाही. उलट फोड करणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. शिवाय पिन चारच अंकी असला तर दहा हजार शक्यता कुणीही तपासून पाहील, म्हणून कुलूप लावण्याआधी त्यात दर वेळी नवे यादृच्छिक, म्हणजे कसेही उचललेले आकडे मिसळतात.

कुलूप फसते ते निवडीत. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरची लाखो उघड कुलपे गोळा केली, तेव्हा काहींत एक मूळ संख्या सामाईक निघाली. ती बहुतेक राउटरसारखी उपकरणे होती. चालू होताच पुरेसे यादृच्छिक आकडे हाती नसताना त्यांनी संख्या निवडल्या होत्या. अशा दोन कुलपांना फोडायला शाळेतला मसावि पुरतो. ४८९७ आणि ५७२३ घ्या. वजाबाकी ८२६, ४८९७ ला ८२६ ने भागून बाकी ७६७, ८२६ मधून ७६७ गेले, उरले ५९. ७६७ ला ५९ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे मसावि ५९. आता ४८९७ म्हणजे ५९ गुणिले ८३, आणि ५७२३ म्हणजे ५९ गुणिले ९७. दोन्ही उघडली.

भगिनींना एवढेच कळवतो की हे कुलूप वाटेपुरते आहे. कुणी फोन करून "पैसे जमा करतो, पिन सांगा" म्हणाला आणि तो सांगितला, तर कुलूप लागण्याआधीच पिन गेला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.