पाइप धरणाऱ्यालाही काच द्या

ट्रॉली जोडताना वेल्डरच्या तोंडासमोर काच असते, पाइप धरणारा आपला गडी मात्र नुसती मान वळवून उभा. माझ्या मते त्यालाही काच द्यावी, नाहीतर क्लॅम्प लावावा. बघ्यांच्या बाजूला प्लायवूड उभं करा. चकचकीत पत्रा नको, त्यावरून किरण परततात. उघडे हातही भाजतात.

दुपारी तीनला धरलेला पाइप रात्री अकराला कळतो! डोळ्यांत वाळू गेल्यागत खुपतं, पाणी गळतं. चोळू नका, बटाटा-दूध तर नकोच. अंधारात डोळे मिटून वर स्वच्छ ओली गार पट्टी ठेवा. बधिर करणारे ड्रॉप घरी टाकू नका, त्यानं जखम भरत नाही. दिवसभरात उतार नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर डोळ्यांचा डॉक्टर गाठा.