‘प्रिय कांचा’ नव्हे, ‘इलैया गारू’!

गेल्या वर्षी १४ एप्रिलच्या व्याख्यानमालेसाठी आम्ही राज्याबाहेरच्या काही अभ्यासक-कार्यकर्त्यांना निमंत्रणपत्रे पाठवली. आंध्रातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी उत्तर दिले, “येतो. पण तुम्ही मला माझ्या घराच्या नावाने हाक मारली आहे.” आम्ही त्यांचे आडनाव हेच पहिले नाव समजून ‘प्रिय अमुक सर’ असे लिहिले होते. चूक त्यांनी हसण्यावारी नेली. आम्हाला मात्र ती जिव्हारी लागली, आणि ती झाली कशी हे आम्ही नंतर तपासले.

तेलुगू माणसाचे नाव बहुतेक वेळा आडनावापासून सुरू होते. त्याला तिकडे ‘इंटि पेरु’ म्हणतात, म्हणजे घराचे नाव. कांचा इलैया यांचे उदाहरण घ्या. ‘मी हिंदू का नाही’ या पुस्तकामुळे आपल्यातला प्रत्येक वाचणारा तरुण त्यांना ओळखतो. त्यात ‘कांचा’ हे घराचे नाव आणि ‘इलैया’ हे स्वतःचे. पुढे त्यांनी ‘शेफर्ड’ जोडले तेही शेवटी, म्हणजे आता नाव मधे आहे! बोज्जा तारकम हे तारकम, गुर्रम जाषुवा हे जाषुवा. कारमचेडूनंतर दलित महासभा उभी करणारे कत्ती पद्मा राव यांचे नाव पद्मा राव. इथे आपल्या माणसाची दुहेरी फसगत होते. एक तर ‘कत्ती सर’ लिहिले जाते, नाहीतर ‘पद्माताई’. पद्मा राव पुरुष आहेत.

मग नियम सोपा, पहिला शब्द आडनाव समजायचा? तसेही नाही. रोहित वेमुलाचे नाव आपण सगळे ज्या क्रमाने घेतो त्यात ‘वेमुला’ शेवटी आहे, आणि ते त्याचे आडनावच आहे. एकाच भाषेतली माणसे दोन्ही क्रम वापरतात, म्हणून राज्य पाहून अंदाज बांधता येत नाही.

तामिळनाडूत तर आडनावच सापडत नाही. तोल. तिरुमावळवन यांच्या नावातले ‘तोल.’ म्हणजे त्यांच्या वडिलांचे नाव, तोलकाप्पियन. ‘तिरुमावळवन’ हे आडनाव नव्हे, ते त्यांचे स्वतःचे नाव आहे. या रिकाम्या जागेला इतिहास आहे. १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत स्वाभिमान चळवळीने जातिदर्शक पदव्या टाकण्याचा ठराव केला आणि पेरियार रामसामींनी ‘नायकर’ टाकले. तेव्हा तामिळ साथीला फॉर्ममधल्या ‘आडनाव’ या रकान्यात काहीतरी भराच म्हणून अडवणे म्हणजे त्याने जे फेकून दिले तेच परत मागणे. तो बिचारा वडिलांचे नाव भरतो, आणि आपले पत्र त्याच्या वडिलांच्या नावे जाते.

आता आमची चूक. पत्ते एक्सेलमध्ये होते. संबोधनासाठी एका साथीने हे सूत्र वापरले:

```
=LEFT(A2,FIND(" ",A2)-1)
```

म्हणजे पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा शब्द उचल. ‘कांचा इलैया’मधून ते ‘कांचा’ उचलते, ‘तोल. तिरुमावळवन’मधून नुसते ‘तोल.’, आणि एकाच शब्दाचे नाव असेल तर चूक दाखवून थांबते. ते थांबणे त्यातल्या त्यात बरे, निदान कळते तरी. चुकीचे नाव गुपचूप छापले जाते. यंदा आम्ही सूत्र काढून टाकले. ‘पूर्ण नाव’ हा एकच रकाना ठेवला, त्यांनी सही केली असेल तशीच अक्षरे त्यात भरली, आणि शेजारी ‘संबोधन’ हा रकाना हाताने भरला. चाळीस नावांना एक संध्याकाळ लागली. खात्री कशी केली? त्यांच्या ओळखीचे लोक व्यासपीठावरून त्यांना काय म्हणतात ते ऐकले. तेलुगूत ‘गारू’ हा आदरवाचक शब्द सहसा स्वतःच्या नावाला लागतो, ‘इलैया गारू’, ‘तारकम गारू’, त्यामुळे त्यांच्याच लोकांकडून नाव आपोआप समजते. तरीही शंका राहिली तिथे पूर्ण नाव लिहून ‘यांना सप्रेम जयभीम’. एकदोघांना सरळ फोन करून विचारले. कुणी रागावले नाही.

काही साथी म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! पण आपल्याच दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होते. तेच कागद घेऊन आपली मुले बाहेर शिकायला जातात आणि त्यांना ‘डिअर कांबळे’ अशी पत्रे येतात. शिवाय ‘साहेब’ न लावता नुसत्या आडनावाने मारलेली हाक कुणाला, कुठे आणि कशासाठी मारली जात आली, हे आपल्या बापजाद्यांना विचारा.

यंदाच्या यादीत अजून सात संबोधने कोरी आहेत. ज्यांची तेलुगू किंवा तामिळ साथींशी ओळख आहे त्यांनी रविवारच्या बैठकीला यावे.