क्रिएटिन, प्लास्टरमधला पाय आणि रुग्णशय्येवरचा माणूस

दीर्घ आजारात किंवा रुग्णालयातील लांबलेल्या मुक्कामात स्नायू झिजतात. त्यावर क्रिएटिन गुणकारी ठरेल, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. या दाव्याचा एक मोठा आधार म्हणजे बेल्जियममधील लूव्हेन येथे झालेला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यात २२ निरोगी स्वयंसेवकांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्यात आला व नंतर दहा आठवडे त्या पायाला व्यायाम देण्यात आला. निम्म्यांना क्रिएटिन मिळाले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड.

प्लास्टरच्या काळात मांडीचा स्नायू दोन्ही गटांत सारखाच, सुमारे १० टक्के आक्रसला. फरक पडला तो पुढे: व्यायाम सुरू झाल्यावर क्रिएटिनच्या गटाचा स्नायू लवकर भरून आला. म्हणजे क्रिएटिनने झीज थांबवली नाही. व्यायामाला हातभार लावला. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ३० निरोगी तरुणांचा पाय आठवडाभर जखडून ठेवला, तेव्हाही झीज रोखली गेली नाही. दाव्याच्या प्रसारात हा अर्धा भाग बहुधा गळून पडतो.

हे तर्काला धरूनच आहे. पेशीतील फॉस्फोक्रिएटिन जोरकस हालचालीच्या पहिल्या काही सेकंदांत ऊर्जा पुरवते. हालचालच नसेल, तर हा वाढीव साठा खर्च कोठे होणार? शिवाय अतिदक्षता विभागातील रुग्णाचा स्नायू केवळ निजून राहिल्याने झिजत नाही. शरीरभर पेटलेला दाह त्यातील प्रथिने मोडत असतो. प्लास्टरमधल्या निरोगी तरुणाला हे भोगावे लागत नाही.

प्रत्यक्ष रुग्णांवरील निष्कर्षही सावध करणारे आहेत. दीर्घकालीन श्वसनरोगाच्या (सीओपीडी) १०० रुग्णांची एक ब्रिटिश चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत व्यायामाच्या जोडीला क्रिएटिन दिले होते. व्यायामाचा लाभ झाला. क्रिएटिनने त्यात दखलपात्र भर घातली नाही. आधीच्या एका लहान चाचणीत मात्र शरीराचे चरबीविरहित वजन वाढलेले आढळले होते.

पण ते वजन कशाचे? क्रिएटिन पेशीत पाणी ओढून घेते, आणि डेक्सा यंत्र त्या पाण्याचीही गणना चरबीविरहित वस्तुमानातच करते. तेव्हा वजनाच्या आकड्यापेक्षा रुग्ण खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतो का, सहा मिनिटांत किती चालतो, हे विचारणे अधिक प्रामाणिक. दुसरा घोळ रक्तचाचणीत होतो. क्रिएटिनचेच रूपांतर क्रिएटिनीनमध्ये होत असल्याने मूत्रपिंड ठीक असतानाही अहवाल बिघडलेला दिसू शकतो. उलट मूत्रपिंड खरोखरच दुबळे असेल, तर वाढलेल्या आकड्याचे कारण ओळखणे कठीण होते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही वेगळी चाचणी उपयोगी पडते.

शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत क्रिएटिनचा साठा मुळात कमी असतो. म्हणूनच हा प्रश्न भारतीय रुग्णांमध्ये, फिजिओथेरपीच्या जोडीने, स्वतंत्रपणे तपासला जायला हवा. तोवर रुग्णाला अंथरुणातून उठवणारा फिजिओथेरपिस्ट वगळून केवळ पुडीचा डबा खरेदी करणे हा उपचार ठरत नाही.