स्टोअरमध्ये १५०, विक्रीकडे ९०

माहिती प्रणाली या विषयाच्या बहुपर्यायी चाचणीत एक प्रश्न ठरलेलाच असतो : ‘असे केले तर काय होईल, याचा अंदाज घ्यायला कोणती प्रणाली मदत करते?’ पर्याय चार : टीपीएस, एमआयएस, डीएसएस, ईआरपी. उत्तर डीएसएस. प्रश्नात ‘सारांश अहवाल’ हे शब्द दिसले की एमआयएस आणि ‘एकात्मिक’ दिसले की ईआरपी, हेही विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पण शब्दाला शब्द जुळवून उत्तर येत असेल, तर तो प्रश्न पाठांतर तपासतो. कारखान्यात उभे केल्यावर समोरचे काम कोणत्या प्रणालीचे आहे हे त्या विद्यार्थ्याला ओळखता येईल का, ते अशा प्रश्नातून कळत नाही.

या वर्गीकरणाचा उगम पाहिला तर चूक कुठे होते ते दिसते. अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ साली व्यवस्थापनाच्या निर्णयांची एक चौकट मांडली. निर्णय किती रचित आहे आणि तो व्यवस्थापनाच्या कोणत्या पातळीवर घेतला जातो, या तिच्या दोन बाजू. नियम आधीच ठरलेला असेल तर निर्णय रचित. काही भाग हिशेबाने सुटतो आणि उरलेला माणसाच्या अंदाजावर सोडावा लागतो, तो अर्धरचित. डीएसएसचे स्थान मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराशी जोडले गेले. म्हणजे वर्गीकरण मुळात निर्णयांचे होते. ईआरपी हे नाव त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, १९९०च्या सुमारास रूढ झाले, आणि ते वेगळ्याच वाटेने आले : उत्पादनासाठी लागणाऱ्या मालाचे नियोजन करणाऱ्या एमआरपी या पद्धतीतून. त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या पिरॅमिडमध्ये ईआरपीला एक थर देता येत नाही. ती सगळ्या थरांखालून जाते. चार पर्यायांत तिला इतरांच्या रांगेत बसवले की प्रश्न तिथेच डळमळीत होतो, कारण व्यवस्थापकाला लागणारा अहवाल आज बहुतेक वेळा ईआरपीमधूनच निघतो. ‘व्यवस्थापकांना नियमित अहवाल कोण देते?’ या प्रश्नाला ईआरपी असे उत्तर देणारा विद्यार्थी अनेकदा जास्त समजून उत्तर देत असतो, आणि गुण मात्र त्याचे जातात.

ईआरपी, एमआयएस आणि डीएसएस या तिन्ही भूमिका एकाच व्यवहारात कशा दिसतात, त्यासाठी पंपाची कास्टिंग करणारी एक फाउंड्री डोळ्यांसमोर आणावी. तिच्याकडे ४०० नगांची ऑर्डर येते, मुदत २० दिवसांची. स्टोअरमध्ये तयार नग १५० आहेत. त्यांतले ६० दुसऱ्या ग्राहकासाठी आधीच राखून ठेवले आहेत. मोकळे ९०, म्हणजे नव्याने लागणार ३१०. रिजेक्शन ७ टक्के असल्यामुळे तेवढे चांगले नग हाती यायला ३३४ ओतावे लागतील. हा हिशेब करणे, मालाची मागणी खरेदी विभागाकडे पाठवणे आणि ऑर्डरची तीच नोंद हिशेब विभागालाही उपलब्ध करून देणे, हे ईआरपीचे काम. नोंद एकदाच होते आणि सगळे विभाग तीच वाचतात.

महिनाअखेरीस व्यवस्थापकासमोर अहवाल येतो : रिजेक्शनची मर्यादा ४ टक्के, प्रत्यक्षात ७. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नमुन्यात, मर्यादेशी तुलना करून येणारी ही माहिती म्हणजे एमआयएस. कुठे पाहायचे ते ती दाखवते. काय करायचे ते व्यवस्थापकाने ठरवायचे असते.

आता मुदतीचा प्रश्न. या कामासाठी दिवसाला १५ नग ओतता येतात. २० दिवसांत साप्ताहिक सुट्टीचे ३ दिवस जातात. उरलेल्या १७ दिवसांत २५५ नग ओतले जातील, त्यांतले चांगले २३७. मोकळे ९० धरून ३२७. तूट ७३ नगांची. रिजेक्शन ४ टक्क्यांवर आणले तर? चांगले नग २४४, तूट ६६. अहवालात लाल दिसणारा आकडा सुधारूनही ऑर्डरची अडचण फारशी हलत नाही, ही गोष्ट नुसत्या अहवालातून कधीच दिसली नसती. सुट्टीचे तिन्ही दिवस काम चालू ठेवले, तर ७ टक्के रिजेक्शनसहित २७९ चांगले नग मिळतात आणि तूट ३१वर येते. हे ३१ बाहेरच्या फाउंड्रीकडून करून घ्यायचे की ग्राहकाकडे मुदत मागायची? इथे हिशेब संपतो. तो ग्राहक किती जुना आहे, बाहेरच्या मालाचा दर्जा कितपत टिकेल, हे माणसानेच तोलायचे. हिशेब इथवर आणून देणे ही डीएसएसची भूमिका. निर्णय ती घेत नाही. ‘डीएसएस निर्णय घेते’ हे विधान बरोबर उत्तर म्हणून छापणे ही म्हणूनच साधी चूक नव्हे, विषयाचा गाभाच त्यात हरवतो. हा सगळा हिशेब एक्सेलच्या एका पानावर होतो, हेही लक्षात घ्यावे. तेच पान महिन्याचे आकडे छापून दाखवते तेव्हा एमआयएसचे काम करते, आणि रिजेक्शनचा आकडा बदलून पाहिला जातो तेव्हा डीएसएसचे. भूमिका सॉफ्टवेअरच्या नावावरून ठरत नाही.

अशा प्रसंगातून प्रश्न काढला तर तो असा होईल : ‘एकाच ईआरपीमध्ये स्टोअरच्या पडद्यावर १५० नग दिसतात आणि विक्री विभागाच्या पडद्यावर ९०. सर्वांत संभाव्य कारण कोणते?’ नोंद दोनदा झाली आहे, दोन विभागांचा डेटा वेगळा आहे, अहवाल जुना आहे, आणि एक आकडा हातातल्या मालाचा तर दुसरा राखीव माल वजा करून उरलेला आहे, असे चार पर्याय. मात्र ६० नग दुसऱ्या ऑर्डरसाठी राखीव आहेत आणि दोन्ही पडदे आत्ताच उघडले आहेत, हे प्रश्नात सांगितलेच पाहिजे. नाहीतर दुसरा किंवा तिसरा पर्यायही योग्य ठरवता येईल. ओळखीचा एकही शब्द इथे मदतीला येत नाही. ईआरपीतला एकच साठा दोन विभाग दोन प्रश्नांसाठी वाचतात, हे समजले असेल तरच उत्तर येते.

जुना प्रश्न आणि नवा प्रश्न यांत फरक खरोखर पडला का, हे मोजता येते. ६० विद्यार्थ्यांचा वर्ग असेल तर एकूण गुणांनुसार वरचे १६ आणि खालचे १६ घ्यावेत. दोन्ही टोकांचे २७ टक्के घेण्याची ही रूढ रीत आहे. समजा, जुना प्रश्न वरच्यांपैकी १४ आणि खालच्यांपैकी १३ जणांनी बरोबर सोडवला. फरक १, भागिले १६, म्हणजे ०.०६. हा प्रश्न कोणालाच वेगळे काढत नाही. नव्यात १३ आणि ५ आले तर हाच आकडा ०.५० होतो. उत्तर उणे आले, म्हणजे वरच्यांपेक्षा खालचेच जास्त बरोबर आले, तर आधी उत्तरसूची तपासावी आणि वरच्या गटाने कोणता चुकीचा पर्याय निवडला ते पाहावे. तिथे ईआरपी दिसली, तर दोष बहुधा प्रश्नात आहे. वर्ग लहान असेल तर एकदोन विद्यार्थ्यांनीही हा आकडा हलतो, म्हणून त्याच प्रश्नाच्या दोनतीन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका एकत्र कराव्यात.

येत्या सत्राची चाचणी काढण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने मागच्या चाचणीतल्या डीएसएसवरच्या एका प्रश्नाचा हा आकडा काढून पाहावा. त्याला बत्तीस उत्तरपत्रिका आणि अर्धा तास पुरतो.